तारेच्या चाकातली ट्यूब काढताना

तारेच्या चाकात हवा ट्यूब धरून ठेवते. टायर आणि रिम तिला फक्त आकार देतात. ट्यूबला खिळा लागला की हवा ट्यूबमधून टायरच्या पोटात येते आणि तिथून व्हॉल्वच्या भोकातून आणि स्पोकच्या निपलांजवळून भराभर बाहेर पडते. ट्यूबलेस टायरमध्ये मात्र खिळा रबरात घट्ट अडकून राहतो, हवा हळूहळू उतरते आणि रबरी दोरी खुपसून रस्त्यातच पंक्चर निघते. घाटात किंवा लडाखच्या वाटेवर या फरकाची किंमत कळते. म्हणून रॉयल एनफिल्डच्या जुन्या 411 सीसी हिमालयनसारख्या गाड्यांचे मालक मूळ रिम तशीच ठेवून तिची भोके टेप आणि सीलंटने बुजवतात आणि ट्यूब काढून टाकतात. काही कंपन्यांनी हा प्रश्न कारखान्यातच सोडवला आहे. बीएमडब्ल्यूने 1987 साली आर 100 जीएसमध्ये स्पोक रिमच्या मधोमध न अडकवता तिच्या कडांना अडकवले, त्यामुळे हवेच्या बाजूला भोकच उरले नाही. साध्या रिमला मात्र 36 स्पोक असतील तर भोकेही 36, आणि शिवाय एक व्हॉल्वचे.

टेप विकत घेण्याआधी रिमची आतली बाजू पाहावी लागते. टायरची कड, म्हणजे बीड, जिथे बसते त्या जागेच्या आतल्या अंगाला ट्यूबलेस रिममध्ये एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी बीड घसरून मधल्या खोलगट भागात पडू नये, यासाठी तो असतो. रिमवर एमटी असा छाप असेल तर असा उंचवटा असण्याची शक्यता जास्त, डब्ल्यूएम असेल तर तो बहुधा नसतोच. छापावर विसंबण्यापेक्षा टायर काढून बोट फिरवून पाहणे चांगले. उंचवटा नसलेल्या रिमवरही टेप उत्तम चिकटते आणि हवाही टिकते, पण वळणावर हवा कमी झालेली असेल तर बीड सुटू शकते. मागचे चाक सैल पडले तर बहुतेक वेळा सावरता येते, पुढचे सावरणे फार अवघड. टायरवरही ‘ट्यूबलेस’ असे लिहिलेले हवे, कारण ट्यूबच्या टायरला हवा अडवणारा आतला थर नसतो.

मागच्या 17 इंची चाकाचे काम असे चालते. सर्वात आधी चाकाचा आऊट काढून घेतात आणि सगळे स्पोक सारखे ताणतात, कारण टेप लागल्यावर निपल फिरवले की आतला सील तुटतो. निपलच्या वर आलेले स्पोकचे टोक घासून सपाट करतात, नाहीतर तेच टेपला आतून भोक पाडते. मग मधल्या खोलगट भागातला गंज, जुना डिंक आणि ग्रीस काढून तो हलका घासतात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. प्रत्येक निपलवर सीलंटचा छोटा थेंब बसवून तो पूर्ण सुकू देतात. सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन इथे टाळावे, कारण त्यातून सुटणारे आम्ल धातूला गंजवते.

टेप म्हणून थ्रीएमची 4411एन बरीच वापरली जाते. ती 1 मिलिमीटर जाडीची, अॅक्रिलिक डिंकाची असते. या चाकाला साधारण सव्वा ते दीड मीटर लागते, नेमके माप दोरीने घ्यावे. रुंदी अशी हवी की खोलगट भाग आणि त्याच्या उतरत्या भिंती झाकल्या जातील, पण बीडच्या बैठकीवर टेप चढणार नाही. तिथे चढलेली टेप टायर चढवताना फाटते आणि बीडही नीट बसू देत नाही. टेप ताणून लावू नये. ताणलेली टेप आक्रसते आणि निपलांवर तंबूसारखी उभी राहते. दोन टोके व्हॉल्वच्या समोरच्या बाजूला काही सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्यावीत आणि रोलरने दाबत जावे. डिंकाला पूर्ण पकड यायला सुमारे तीन दिवस लागतात. घाई बहुतेकांना इथेच नडते.

गळतीचा सर्वात फसवा प्रकार या टेपच्या खालीच दडलेला असतो. समजा सकाळी थंड टायरमध्ये 32 पीएसआय भरली आणि आठवड्याने त्याच वेळी 29 भरली. एवढे चालण्यासारखे आहे. दहा अंशांनी गारवा वाढला तरी दीडेक पीएसआय कमी दिसतेच, म्हणून मोजणी एकाच वेळी आणि गाडी न चालवता करायची. पण खडबडीत रस्त्याच्या दौऱ्यानंतर रोज दोन पीएसआय उतरू लागली, तर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे एखाद्या निपलजवळ उठतात आणि मेकॅनिक त्याच निपलवर बाहेरून सीलंट थापतो. दोन दिवसांनी बुडबुडे पलीकडच्या निपलजवळ उठतात. याचे कारण साधे आहे. हवा त्या निपलपाशी टेपखाली शिरलेलीच नसते. ती टेपच्या सुटलेल्या कडेतून किंवा टोके एकमेकांवर चढतात त्या पायरीतून आत जाते, टेपखालून वाट काढते आणि जिथे सैल निपल मिळेल तिथून बाहेर येते. बुडबुडा निघण्याची जागा दाखवतो, शिरण्याची नाही. उपाय एकच, टायर उतरवून टेप पाहणे. सुटलेली कड दिसली की ती दाबून न चिकटवता पूर्ण टेप बदलावी, कारण त्या जागी धूळ आणि ओल आधीच शिरलेली असते.

टेप सुटते ती मुख्यत: निपलांच्या हालचालीमुळे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात खालचे स्पोक किंचित ढिले पडतात आणि पुन्हा ताणले जातात. सैल स्पोक जास्त हलतो आणि डिंक उखडतो. म्हणून दौऱ्यानंतर स्पोक टिचकी मारून ऐकावेत, सैल स्पोकचा आवाज बोथट येतो. खड्ड्यात रिमची कड वाकली तर बुडबुडे टायर आणि रिमच्या सांध्यात उठतात. तो दोष टेपचा नाही, पण ट्यूब असती तर तेवढ्याने हवा गेली नसती, हेही खरे. टायरमध्ये पंक्चर रोखणारे द्रव ओतून टेपची गळती झाकण्याचा मोह टाळावा. काही द्रवांतला अमोनिया अॅल्युमिनियम खातो, आणि ओल्या रिमवर नवी टेप पुन्हा धरत नाही.

व्हॉल्वचे भोकही जपावे. ट्यूबच्या रिमला ते साधारण 8 मिलिमीटरचे असते, तर रबरी ट्यूबलेस व्हॉल्वला 11 मिलिमीटरहून थोडे मोठे लागते. भोक रुंद न करता त्यात बसणारा, नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व घ्यावा. टेपला तिथे भोक लहान पाडावे, म्हणजे व्हॉल्वचे वायसर टेपवरच दाबून बसते. याचा दुसरा फायदा रस्त्यात कळतो. टायरची बाजू फाटली तर दोरी चालत नाही, ट्यूबच घालावी लागते. धातूचा व्हॉल्व नट सोडून निघतो आणि ट्यूबची नळी त्याच भोकात नीट बसते.

एमटी रिम, उंचवटा आणि ट्यूबलेस टायर असेल तर मागचे चाक अवश्य करावे. पुढची रिम डब्ल्यूएम असेल तर तिथे ट्यूबच राहू द्यावी. आणि दोन्ही चाकांच्या मापाची एकेक ट्यूब सामानात ठेवावी.