शिरोरेषा कपाळावरून जाऊ नये म्हणून

मुखपृष्ठ करायला बसतो तेव्हा माझ्यासमोर बहुतेक वेळा फोटो आधीच आलेला असतो, आणि अडचणीची सुरुवात तिथूनच होते. फोटोग्राफरने चेहरा छान टिपलेला असतो, डोळ्यांत चमक असते, उजेड योग्य पडलेला असतो. पण केस वरच्या कडेला टेकलेले, हनुवटी खाली टेकलेली, कान दोन्ही बाजूंना टेकलेले. अशा फोटोत अक्षरांना बसायला जागाच नसते. मग अंकाचं नाव कपाळावर चढतं, मुख्य मथळा गळ्यावर पडतो आणि कव्हर लाइन्स गालांना खेटून उभ्या राहतात. वाचणाऱ्याचं लक्ष माणसाच्या डोळ्यांकडे सर्वांत आधी जातं. तिथेच अक्षरं आडवी आली, की ना चेहरा नीट दिसत ना शब्द.

मी केलेल्या सुरुवातीच्या मुखपृष्ठांपैकी एक अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. एका ज्येष्ठ गायिकेचा फोटो होता, चेहरा पानभर. मी नाव चेहऱ्यावरूनच नेलं, लाल रंगात. छापून आल्यावर दिसलं, की नावाची शिरोरेषा बाईंच्या कुंकवाच्या थोडी वरून, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सरळ गेली आहे. कपाळावर तार ताणल्यासारखी. इंग्रजी मासिकांची पानं पाहून मी ते केलं होतं, आणि लिपीतला फरक लक्षात घ्यायला विसरलो होतो.

रोमन अक्षरं सुटी असतात. दोन अक्षरांच्या फटीतून मागचा चेहरा दिसत राहतो. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या अक्षरांना बांधून ठेवते, त्यामुळे नाव चेहऱ्यावर आलं की तो अखंड पट्टा होतो. दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. रोमन शब्दाचा खालचा अर्धा भाग झाकला तरी वरच्या अर्ध्यावरून तो बहुधा वाचता येतो. म्हणून इंग्रजी मासिकांत डोकं खालून वर येऊन नावाच्या मधल्या दोन-तीन अक्षरांवर बिनधास्त चढतं. आपल्याकडे अक्षराची ओळख शिरोरेषेच्या खाली, त्याच्या पोटात असते. ट, ठ, ड, ढ, द, ह ही अक्षरं घ्या. शिरोरेषेखालची आखूड मान सगळ्यांची जवळपास सारखीच. पोट झाकलं, की कोणतं अक्षर ते कळायला मार्ग नाही.

हे एका उदाहरणावर करून पाहू. समजा अंकाचं नाव ‘मोहोर’ आहे. पान साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच उंच. नाव पानाच्या जवळजवळ पूर्ण रुंदीचं, साडेसात इंच. वरच्या कडेपासून मात्रेसाठी जागा सोडून शिरोरेषा साधारण पाऊण इंचावर येते आणि अक्षरांचे पाय सव्वादोन इंचांच्या आत संपतात. मुखपृष्ठावर एका अभिनेत्रीचा चेहरा आहे आणि तिचं डोकं नावाच्या थोडं पुढे यावं, म्हणजे चित्राला खोली येईल, अशी संपादकांची इच्छा आहे.

चेहरा पानाच्या बरोबर मध्ये ठेवला, तर डोक्याचा माथा नेमका ‘हो’मधल्या ‘ह’वर येतो. पोट झाकलेला ‘ह’ म्हणजे ‘डो’ की ‘दो’, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. अंबाडा उंच असला आणि तो शिरोरेषेच्याही वर गेला, तर आणखी घोळ होतो. केसांनी मात्रा झाकली की ‘हो’चा ‘हा’ होतो आणि अंकाचं नाव ‘मोहार’ वाचलं जातं. कारण ‘ओ’ची खूण काना आणि मात्रा अशा दोन तुकड्यांची आहे. मात्रा गेली तरी काना मागे राहतो आणि नवंच अक्षर तयार होतं.

यातून वाट आहे ती कान्याची. काना म्हणजे नुसता उभा दंड. त्याचा खालचा भाग झाकला गेला तरी वाचण्यात काही अडत नाही, कारण वरचा तुकडा आणि मात्रा मिळून पुरतात. म्हणून चेहरा मधून उजवीकडे सरकवायचा. ‘हो’चा काना आमच्या या नावात डाव्या कडेपासून साधारण साडेपाच इंचांवर येतो, तिथे माथा आणायचा. माथ्याने नावात अर्धा इंचच शिरायचं. डोक्याचा वरचा भाग गोल असल्यामुळे तेवढ्या उंचीवर त्याची रुंदी कमी असते. कान्याचा पाय झाकला जातो, ‘ह’चं पोट आणि ‘र’चा पाय सुटे राहतात.

माथा वरून पावणेदोन इंचांवर, हनुवटी सातच्या जरा आत. माथा आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर डोळे असतात, म्हणजे ते सव्वाचार ते साडेचार इंचांवर येतात. अकरा इंचांच्या पानात ही जागा मध्यापेक्षा वर आहे, आणि चेहरा तिथे तोलून राहतो. डोळे याहून खाली गेले की माणूस पानातून बुडतोय असं वाटायला लागतं.

चेहरा उजवीकडे गेल्याचा फायदा लगेच कळतो. डावीकडे अडीच-पावणेतीन इंचांची उभी, मोकळी पट्टी मिळते. कव्हर लाइन्सना ही जागा दोन कारणांनी चांगली. आपल्या मासिकांची बांधणी डावीकडे असते. स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून मांडले, की पुष्कळदा डावी कड आणि वरचा भाग तेवढाच उघडा राहतो. दुसरं कारण, अभिनेत्रीने खांदे किंचित डावीकडे वळवले असतील, तर तिचा सगळा कल मजकुराकडे जातो. तीच जर उजव्या कडेकडे वळलेली असेल, तर ती पानाबाहेर निघालेली दिसते आणि डावीकडचा मजकूर तिच्या पाठीमागे पडतो. फोटो उलटा करून ही चूक दुरुस्त करू नये. पदर दुसऱ्या खांद्यावर जातो, भांग आणि तीळ बाजू बदलतात आणि त्या व्यक्तीला ओळखणाऱ्यांना ते पहिल्या नजरेत खटकतं.

पट्टी पावणेतीन इंचांची, आणि मराठी शब्द प्रत्ययांनी लांबत जाणारे. ‘दिग्दर्शकांच्या आठवणींमधून’ अशी ओळ तिथे मावत नाही. अशा वेळी अक्षर लहान करण्याचा मोह होतो, पण बदलायची असते ती ओळ. ‘सेटवरच्या आठवणी’ म्हटलं की काम होतं. हे संपादकांशेजारी बसूनच करावं लागतं. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा मोकळं ठेवायला हवं, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. वीस पॉइंटच्या अक्षराला मी अठ्ठावीस पॉइंटचं अंतर देतो.

मुख्य मथळा हनुवटीखाली, पण गळ्यावर नाही. गळा मोकळा राहिला तरच चेहरा धडावर बसलेला दिसतो. मथळ्याची जागा छातीच्या भागात, साधारण साडेसात इंचांच्या खाली. म्हणूनच फोटो काढायच्या आधी साडी ठरवावी लागते. बुट्ट्यांची, मोठ्या काठाची पैठणी सुंदर असते, पण तिच्यावर ठेवलेलं अक्षर बुट्ट्यांमध्ये हरवतं. एकाच गडद रंगाची साधी साडी असली, की पांढरा मथळा न ओरडता वाचता येतो.

दलालांच्या काळात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. दीनानाथ दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ सुरू केलं, तेव्हा चित्र काढणारा आणि अंक काढणारा एकच माणूस होता. चित्रकार रंग लावायच्या आधीच नावासाठी आकाश मोकळं सोडू शकत होता, मान हवी तिकडे वळवू शकत होता. फोटोला ती सोय नाही. म्हणून मी आता फोटोच्या आधी पेन्सिलीने कच्ची डमी करतो आणि ती फोटोग्राफरला पाठवतो. त्यात तीनच गोष्टी सांगितलेल्या असतात: डोक्यावर भरपूर जागा सोडा, डावीकडची भिंत साधी ठेवा, खांदे डावीकडे वळवा. सैल काढलेला फोटो नंतर आवळता येतो. कापलेले केस परत आणता येत नाहीत.

जागा नीट साधली तरी रंग भांडण लावू शकतात. लाल अक्षर काळ्या केसांवर पडद्यावर ठसठशीत दिसतं, पण त्या दोघांचा गडदपणा जवळपास एकच असतो. सोपी परीक्षा म्हणजे पान कृष्णधवल करून पाहणं. जो शब्द तिथे नाहीसा झाला, तो फक्त रंगाच्या आधारावर उभा होता. एकाच शब्दाचा अर्धा भाग उजळ भिंतीवर आणि अर्धा केसांवर गेला, तर कोणताही एक रंग दोन्हीकडे चालत नाही. तेव्हा अक्षराला सावली किंवा किनार लावून वेळ मारून नेण्यापेक्षा शब्द पाव इंच सरकवावा. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली: गालाशेजारी भडक केशरी अक्षरं ठेवली, की त्वचा फिकी, आजारल्यासारखी दिसते. मी रंग साडीच्या काठातून किंवा कानातल्या खड्यातून उचलतो.

दिवाळी अंकाच्या वेळी खरी ओढाताण होते ती नावांची. वीस लेखक, आणि प्रत्येकाचं नाव मुखपृष्ठावर हवं. ती नावं चेहऱ्याभोवती विखुरली, तर चेहरा गर्दीत सापडतो. मी ती सगळी तळाशी, एकाच आकारात, एकाच पट्टीत सलग घेतो. किंमत आणि बारकोड त्याच पट्टीच्या टोकाला. कटिंगमध्ये पान थोडं इकडेतिकडे होतंच, म्हणून चित्र कडेबाहेर तीन मिलिमीटर वाढवायचं आणि कोणतंही अक्षर कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत ठेवायचं. वरच्या मात्रा या हिशेबात धरायला विसरू नये, कारण कटिंगच्या पात्याखाली सर्वांत आधी त्याच जातात.

‘मोहोर’च्या डमीत डावीकडे चार ओळी घेतल्या होत्या. प्रूफ खऱ्या आकारात काढून भिंतीला लावलं आणि सहा फुटांवर उभं राहून डोळे किलकिले करून पाहिलं. नाव दिसलं, डोळे दिसले, मथळा दिसला. चौथी ओळ मात्र गालाच्या कडेशी एक करडा डाग होऊन बसली होती, आणि तिच्यामुळे चेहरा त्या बाजूला सुजल्यासारखा वाटत होता. ती ओळ अनुक्रमणिकेत गेली. उरलेल्या तीन ओळी थोड्या वर सरकवल्या, तिसरी ओळ डोळ्यांच्या रेषेच्या आधी संपवली आणि गालाशेजारची भिंत रिकामी सोडली.