धोटा जिथे थांबतो : पैठणीची कड आणि पदर
(हातमाग : रचना आणि कौशल्य – लेखांक ७)

मागावर लांबीच्या दिशेने ताणून बसवलेल्या धाग्यांना ताणा म्हणतात, हे मागील लेखांकात सविस्तर पाहिले. या लेखांकाचा विषय त्या ताण्यातून आडवा जाणारा धागा, म्हणजे बाणा, हा आहे. त्याच्या प्रवासात किती प्रकारचे अडथळे मुद्दाम निर्माण करता येतात, हे समजून घेण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील येवल्यात विणल्या जाणाऱ्या रेशमी पैठणीइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. या वस्त्राचे नाव गोदावरीकाठच्या पैठणवरून पडले असले, तरी आज त्याचे सर्वांत मोठे केंद्र येवला हेच आहे.

साध्या विणीत विणकराने पायाखालची पावडी दाबली की ताण्याचे एकाआड एक धागे वर उचलले जातात, उरलेले खाली राहतात आणि दोहोंच्या मध्ये एक फट तयार होते. बाण्याच्या रेशमाची कांडी पोटात घेतलेला, दोन्ही टोकांना निमुळता असा लाकडी धोटा या फटीतून एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो, मागे धागा सोडतो आणि नंतर फणी त्या धाग्याला आधी विणलेल्या कापडाशी ठोकून बसवते. धोटा पूर्वी एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलला जात असे. जॉन के याने इंग्लंडमध्ये १७३३ साली पेटंट घेतलेल्या युक्तीमुळे दोरीला हिसका देऊन तो पळवता येऊ लागला आणि त्या सोयीला आपल्याकडे झटका हे नाव पडले. झटक्याने वेग पुष्कळ वाढला. परंतु या पद्धतीत धोटा एका दमात पूर्ण पन्हा ओलांडतो, त्यामुळे त्या संपूर्ण ओळीत एकाच रंगाचा धागा पडतो. पैठणीची खरी परीक्षा या मर्यादेपाशी सुरू होते, कारण तिच्या अंगाचा रंग वेगळा असतो, काठ जरीचा असतो आणि पदरावर तर एकाच आडव्या ओळीत अनेक रंग शेजारी शेजारी नांदतात.

काठासाठी पारंपरिक उपाय तीन धोट्यांचा आहे. एक धोटा अंगाचे रेशीम वाहतो आणि उरलेले दोन दोन्ही बाजूंच्या काठांसाठी असतात. अंगाचा बाणा काठाच्या सीमेपर्यंत येतो, तेथे फटीतून वर काढला जातो, काठाच्या बाण्याभोवती एक वळसा घेतो आणि पुढच्या ओळीत आल्या वाटेने परत फिरतो; काठाचा धागाही तसाच आपल्या बाजूला वळतो. दोन धाग्यांचे हे एकमेकांत अडकणे दोन शेजारच्या ताण्यांच्या मधल्या अगदी अरुंद जागेत घडते आणि या गुंफणीच्या पद्धतीला कडियाल म्हणतात. ही गुंफण चुकली, तर त्या ठिकाणी उभी चीर राहते आणि कापड उजेडासमोर धरले की ती तत्काळ दिसते. उलट गुंफताना धागा प्रमाणाबाहेर ओढला गेला, तर काठाची सीमा आत खेचली जाते, अंग आणि काठ यांच्यामध्ये बोटाला जाणवणारा कंगोरा उठतो आणि साडी सपाट पसरेनाशी होते. नवशिक्याच्या हातून सहसा ही दुसरी चूक अधिक होते, कारण धागा सैल राहील या भीतीने तो प्रत्येक वळशाला जास्त ओढ देतो.

पदराशी आल्यावर धोट्याचे काम जवळजवळ संपते. नक्षीतील प्रत्येक रंगाच्या तुकड्यासाठी स्वतंत्र धागा लागतो आणि तो तिल्ली नावाच्या लहानशा कांडीवर गुंडाळलेला असतो. अशा अनेक तिल्ल्या विणलेल्या भागावर ओळीने लोंबत किंवा पडून असतात. विणकर आलेखकागदावरील नकाशा पाहून ताण्याचे धागे मोजतो, नेमकी तिल्ली उचलतो, नेमक्या तेवढ्या धाग्यांखालून काढतो आणि शेजारच्या रंगाशी गुंफून खाली ठेवतो.

एक हिशेब मांडून पाहिला म्हणजे या कामाचे स्वरूप ध्यानात येते. समजा, पदराच्या रुंदीत पाच मोर आहेत आणि एका विशिष्ट ओळीत प्रत्येक मोराच्या अंगावर रंगांचे चार तुकडे पडतात. मोरांच्या मधली आणि दोन्ही टोकांची जरीची जमीन धरली, तर आणखी सहा तुकडे होतात. म्हणजे त्या एका ओळीसाठी सव्वीस तिल्ल्या हलवाव्या लागतात. एका इंचात साठ ओळी बसतात असे धरले, तर इंचभर विणीसाठी १५६० वेळा तिल्ली उचलावी लागेल, आणि प्रत्येक वेळेला चार सेकंद मोजले तरी इंचाला पावणेदोन तास लागतील. धागे मोजणे, तुटलेला धागा सांधणे, संपलेली तिल्ली बदलणे हे यात धरलेलेच नाही. तेवढेच अंग झटक्याने विणायला काही मिनिटे पुरतात. पैठणीच्या किमतीचा मोठा भाग या तफावतीत आहे, आणि भरगच्च पदराच्या साडीला महिनोन् महिने का लागतात याचे उत्तरही याच हिशेबात मिळते.

इतक्या बारीक कामात उजेडाला अवजाराइतकेच महत्त्व येते. मागावरच्या पिवळसर दिव्याचा उबदार प्रकाश हातांवर पडला की जर झळकते आणि दृश्य मोठे देखणे दिसते. परंतु विणकराच्या दृष्टीने त्यात दोन अडचणी आहेत. अशा प्रकाशात निळ्या रंगाचा अंश कमी असल्यामुळे गडद निळे आणि काळे रेशीम एकसारखे भासते, तसेच पांढऱ्या व फिकट पिवळ्या धाग्यांतील फरक मावळतो, आणि चुकीची तिल्ली वापरली गेल्याचे सकाळी लक्षात आले, तर रात्रीची वीण उसवावी लागते. दुसरे असे की, दिव्याचा प्रकाश समोरून आला तर जरीची चमक डोळ्यांवर येते आणि धागे मोजणे अवघड होते. त्याउलट बाजूने, कापडाला जवळजवळ समांतर येणारा प्रकाश प्रत्येक धाग्याची लहानशी सावली पाडतो, त्यामुळे सुटलेला ताणा, सैल वळसा किंवा फणीचा ठोका कमी पडल्याने उमटलेला आडवा पट्टा लगेच उघड होतो. रंगांची निवड दिवसाउजेडी करावी आणि दिव्याच्या प्रकाशात ठरलेली वीण पुढे न्यावी, ही विभागणी म्हणूनच शहाणपणाची ठरते.

तिल्लीचे हे श्रम वाचवण्यासाठी नक्षीप्रमाणे छिद्रे पाडलेली पुठ्ठी मागावर चढवली जातात. या यंत्रणेला जकार्ड म्हणतात आणि कोणते ताणे उचलायचे, हे तेथे छिद्रे ठरवतात. अशा मागावर नक्षीचा जादा धागा पन्ह्यातून सलग धावतो आणि जेथे नक्षी नसते तेथे तो मागच्या बाजूला मोकळा तरंगतो किंवा नंतर कापला जातो. अशी साडीही हातमागावर विणलेली असू शकते आणि तिच्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही; मात्र तिल्लीने विणलेल्या पदराच्या भावाने ती विकणे ही ग्राहकाची व विणकराची दोघांचीही फसवणूक आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला असला, तरी दुकानात दोहोंतील फरक ओळखण्याचे काम शेवटी डोळ्यांनाच करावे लागते.

खरेदी करणाऱ्याने म्हणून पदर उलटा करून दिवसाच्या उजेडात पाहावा. तिल्लीने विणलेल्या पदराची मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच असते, रंग बदलतो तेथे सूक्ष्म गुंफण दिसते आणि फार तर धाग्यांची काही टोके आढळतात. मोराच्या मागे मोकळे धागे आडवे धावत असतील, किंवा कापलेल्या धाग्यांची लव हाताला लागत असेल, तर तो पदर जकार्डचा आहे असे समजावे आणि किंमतही त्याच हिशेबाने द्यावी.