थोरलीचा सव्वा महिना

घरात दुसऱ्यांदा दिवस गेल्याची बातमी फुटली की थोरल्या मुलाची थट्टा सुरू होते. “आता काय बाई, तुझे लाड संपले!” “बाळ आलं की आई त्याला घेऊन झोपणार, मग तू कुठे झोपणार गं?” शेजारच्या काकू “बाळाला आम्ही घेऊन जातो, चालेल?” असं विचारतात आणि पोरगी “न्या” म्हणाली की सगळं घर खो खो हसतं. तीन वर्षांच्या मुलीला यातली थट्टा कळत नाही. ती हे सगळं खरंच मानते. बाळ जन्माला यायला अजून चार महिने असतात आणि तिला इतकंच समजलेलं असतं, की जे येणार आहे ते तिची जागा घ्यायला येणार आहे. मोठ्यांनी एकमेकांना आधीच बजावून ठेवावं अशी पहिली गोष्ट हीच: मुलीला हा विनोद ऐकवायचा नाही. आजी, आत्या, मामी यांना हे सुनेने सांगितलं तर वाईट दिसतं. म्हणून ते बाबांनी सांगावं.

एक नेहमीचं घर धरू. आईबाबा नोकरी करतात, नाशिकला राहतात. मुलगी तीन वर्षांची, बालवर्गात जाते. बाळंतपण दिवाळीच्या पुढे-मागे, आणि आईचं माहेर सांगलीला.

बातमी मुलीला कधी सांगायची? इतक्या लहान वयात सहा महिने म्हणजे किती हे समजत नाही. तिसऱ्या महिन्यात सांगितलं तर ती रोज सकाळी “आलं का?” विचारेल. पोट दिसू लागलं आणि घरात उघड बोलणं सुरू झालं की, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यात सांगणं बरं. पण ते आईबाबांच्या तोंडून कळावं, मामीच्या फोनवरून नव्हे. तारीख सांगण्यात अर्थ नाही. “गणपती येतील, मग दसरा, मग आकाशकंदील लावू, त्या सुमाराला बाळ येईल,” हे तिला धरून ठेवता येतं. “तुझ्याशी खेळायला कुणीतरी येणार” असं वचन मात्र देऊ नये. येतं ते दिवसभर झोपणारं, रडणारं, दूध पिणारं गाठोडं, आणि फसवलं गेल्याचा राग त्या गाठोड्यावरच निघतो. त्यापेक्षा तिचे स्वतःचे तान्हेपणीचे फोटो काढावेत आणि तीही कशी सारखी रडायची, तिला कुठे आंघोळ घालायचे, कोण मांडीवर घेऊन झोके द्यायचं, हे सांगत बसावं. बाळ म्हणजे काय हे कळतं, आणि आपल्यालाही हे सगळं मिळालं होतं हेही कळतं.

आपल्याकडे लहान मुलाला “आईच्या पोटात भाऊ आहे की बहीण?” असं विचारून त्याचं उत्तर शकुनासारखं घेतात. ते बंद करावं. ती “बहीण” म्हणाली आणि आजीचा चेहरा पडला, तर तो तिला बरोबर दिसतो. शिवाय भाऊ सांगून बहीण झाली, तर आपलंच काहीतरी चुकलं असं मनाला लावून घेणारी मुलं असतात.

खरी तयारी बोलण्यात फार कमी असते. ती मुलीच्या दिवसाच्या वेळापत्रकात असते. या घरात मुलीला रात्री आईच झोपवते, आईच भरवते, शाळेच्या बसपर्यंत आईच सोडते. बाळ आलं की हे सगळं एका रात्रीत बाबांकडे जाणार, आणि मुलगी त्याचा हिशेब बाळाच्या नावावर मांडणार. म्हणून सातव्या महिन्यापासून एकेक काम बाबांकडे सरकवायचं. आधी सकाळची आंघोळ, पंधरा दिवसांनी रात्रीची गोष्ट, मग झोपवणं. पहिले काही दिवस ती “आईच हवी” म्हणून रडेल. आई शेजारच्या खोलीत असताना ते रडणं परवडतं. प्रसूतिगृहातून सोसणं कठीण जातं. पाळणा रिकामा करून द्यायचा असेल किंवा मुलीचं अंथरूण वेगळं करायचं असेल, तर तेही दोन-तीन महिने आधी उरकावं. जमलं नसेल, तर नंतर बरेच महिने त्याला हात लावू नये. दुपटं सोडवणं, बाटली तोडणं, नवी शाळा, यांनाही हाच नियम.

मग माहेरचा प्रश्न. पहिल्या खेपेला आई एकटी गेली होती, आता मुलगी बरोबर. मुलीच्या बाजूने पाहिलं तर सांगलीला तिचे बाबा नाहीत, शाळा नाही, मैत्रिणी नाहीत आणि आईचा हातही मोकळा नाही. सगळं एकदम सुटतं. शक्य असेल तर सांगलीच्या आजीनेच नाशिकला यावं. जाणं भागच असेल तर बाळंतपणाच्या तीन-चार आठवडे आधी जावं, म्हणजे आजीआजोबांची सवय आई मोकळी असतानाच लागते. मुलीला एकटीला नाशिकला ठेवून आईने महिनोन् महिने जाणं हा तिसरा पर्याय, आणि माझ्या मते सर्वांत वाईट. या वयात आई दिसेनाशी होणं हे बाळ येण्यापेक्षा कितीतरी जड असतं.

प्रसूतिगृहातली पहिली भेट थोडी आखावी. मुलगी खोलीत येईल तेव्हा बाळ पाळण्यात असावं आणि आईचे हात रिकामे. आधी आई-मुलीने एकमेकींना भेटावं. बाळ बघायचं की नाही आणि केव्हा, हे तिच्यावर सोडावं. पापा घेण्याची, मांडीवर बाळ ठेवून फोटो काढण्याची घाई नको. सिझेरियन झालं असेल तर आईला साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलता येत नाही, आणि “कडेवर घे” हीच मुलीची पहिली मागणी असते. “बाळामुळे पोट दुखतं” असं म्हणायचं नाही. “डॉक्टरांनी उचलायला मना केलंय, तू वर ये,” म्हणून पोटावर उशी ठेवून तिला पलंगावर शेजारी घ्यायचं.

घरी आल्यावर सव्वा महिना बाळंतिणीची खोली वेगळी होते. शेक-शेगडी, तेल लावायला येणाऱ्या बाई, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि सतत लोटलेलं दार. “शू, बाळ झोपलंय” हे वाक्य मुलीला दिवसभर ऐकू येतं. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, आणि एकेका वेळेला अर्धा तास सहज जातो. म्हणजे दिवसाचे चार-सहा तास आई बसलेली असते पण हाताला लागत नाही. मुलगी पाणी सांडते, भिंतीवर रेघोट्या ओढते, नेमकी तेव्हाच शी लागली म्हणते, ते याच वेळांत. जुडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधक बायकांनी केंब्रिजमध्ये चाळीस घरांत जाऊन दुसऱ्या बाळाच्या आधी आणि नंतर घरातलं वागणं पाहिलं होतं. त्यांचं पुस्तक १९८२ साली आलं. आई बाळात गुंतलेली असली की थोरल्याचा खोडकरपणा वाढतो, हे त्यांनी नोंदवलं. त्याच काळात आईचं थोरल्याशी आपणहून खेळणं कमी होतं आणि “नको, करू नको” वाढतं, हेही.

उपद्रवाची वेळ अशी आधीच ठाऊक असल्यामुळे तिची तजवीज करता येते. आई पाजायला बसते तिथे हाताशी एक टोपली ठेवायची: खडू आणि कागद, दोन चित्रांची पुस्तकं, मुलीचा खाऊ, तिची बाहुली. ही टोपली एरवी निघत नाही, फक्त पाजतानाच निघते. पाजायला घेण्याआधी तिला शू करून आणायचं. मग ती आईच्या मांडीला टेकून बसते आणि आई एका हाताने पान उलटते. “तिला बाहेर घेऊन जा गं” असं आजीने म्हणू नये. दिवसातून एकदा मात्र बाळ आजीकडे जावं आणि आईने पंधरा-वीस मिनिटं दार लावून फक्त थोरलीबरोबर बसावं, रोज त्याच वेळेला, म्हणजे तिला वाट बघता येते.

डन आणि केंड्रिक यांचं दुसरं निरीक्षण मला अधिक मोलाचं वाटतं. ज्या घरांत आई बाळाविषयी थोरल्याशी माणसासारखं बोलत होती, त्याला काय हवं असेल, ते का रडत असेल याचा दोघं मिळून अंदाज बांधत होती, तिथे पुढे भावंडांचं नातं अधिक स्नेहाचं दिसलं. हे करायला वेळही लागत नाही. “बाळ रडतंय, आता गप्प बस” याऐवजी “का रडत असेल गं? भूक लागली असेल की लंगोट ओला झालाय?” एवढंच विचारायचं. मुलगी म्हणेल, “त्याला गाणं हवंय.” मग गाणं म्हणून बघायचं.

आणि ती पुन्हा तान्ही होईल. बोबडं बोलेल, बाटली मागेल, रात्री अंथरूण ओलं करेल, एखादे वेळी पदराखाली डोकं घालेल. इथे घरातले सगळे चिडतात, कारण “आता तू ताई झालीस ना” हे सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. बाटलीतून चार घोट पिऊ द्यावेत. बहुतेक मुलांना त्यात पूर्वीची गंमत सापडत नाही. दुपट्यात गुंडाळून “माझं मोठं बाळ” म्हणून झोके द्यावेत. अंथरूण ओलं झालं तर चादर बदलावी आणि चारचौघांत त्याचा उल्लेखही करू नये. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर मात्र ते बाळामुळे म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावं.

“मला बाळ आवडत नाही, देऊन टाक” असं ती म्हणाली तर “असं बोलू नये, ताई आहेस ना!” हे उत्तर नको. “खूप रडतं ना? तुला आई हवी असते आणि आई मोकळी नसते,” इतकं पुरतं. बोलण्याची मुभा, हात उचलण्याची नाही. चापट मारली तर हात धरायचा, “मारू देणार नाही” एकदा सांगायचं, आणि मारण्यामागे काय हवं होतं ते बघायचं. मारण्याइतकीच काळजी लाडाची घ्यावी लागते. मुलगी प्रेमाने गळा आवळते, टाळूवर दाबते, बाळाच्या तोंडात लाडू घालते. म्हणून घराची कितीही खात्री असली तरी दोघांना एका खोलीत क्षणभरही एकटं सोडायचं नाही. फोन घ्यायला उठलात तर एकाला बरोबर न्यायचं.

बारशाला थोरलीचं काय, हेही आधी ठरवावं. पाहुणे दारातूनच “बाळ कुठंय?” विचारत येतात. बाबांनी दारात मुलीचा हात धरून उभं राहावं आणि “आधी हिला भेटा, बाळ ही दाखवेल,” म्हणावं. पाळण्याच्या दोरीला तिचाही हात असावा. आहेराची सगळी पाकिटं बाळाच्या नावाची असतात, तेव्हा दोन-चार छोट्या वस्तू तिच्यासाठी आधीच आणून ठेवलेल्या बऱ्या.

बहुतेक घरांत हे निवळतं. ब्रेंडा व्होलिंग यांनी मिशिगनमध्ये २४१ कुटुंबं बाळ जन्मायच्या आधीपासून वर्षभर पाहिली. बहुसंख्य थोरल्या मुलांत काही गंभीर बिघाड झाला नाही. पण दोन-तीन महिने उलटूनही मुलगी खात-झोपत नसेल, खेळणं सोडून गप्प बसत असेल किंवा बाळाला पुन्हा पुन्हा मुद्दाम दुखवत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं.

सगळं स्थिरावलंय असं वाटत असताना, आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमाराला, दुसरी लाट येते. बाळ रांगू लागतं आणि थेट थोरलीच्या ठोकळ्यांच्या मनोऱ्यावर येतं. आता भांडण आईवरून कमी आणि वस्तूंवरून जास्त. “लहान आहे, देऊन टाक” हा घरोघरचा निवाडा इथे महागात पडतो. तिला बाळाचा हात पोचणार नाही असं टेबल किंवा कपाटाचा एक खण द्यावा, आणि तिथलं काही तिला विचारल्याशिवाय बाळाला देऊ नये. बाळ धरून उभं राहू लागेपर्यंत हे टेबल पुरतं. मग त्याहून उंच जागा शोधावी लागते.