चार वाजताची भूक

वजन जास्त असलेल्या मुलाचं घरातलं खाणं एक आठवडा नुसतं बघा. त्याला काही बोलू नका, फक्त लक्ष ठेवा. बहुतेक घरांत असं आढळतं, की जादाचं खाणं ताटावर बसून होत नाही. ते दुपारी चार ते रात्री नऊ या वेळात, उभ्याउभ्या किंवा टीव्हीसमोर, डब्यांतून आणि पुड्यांतून होतं.

एक घर डोळ्यांसमोर आणू. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीतला. आईबाबा दोघं नोकरीला, दिवसभर घरी आजी. सकाळी साडेसहाला पावडर घातलेलं दूध, त्यात वर आणखी दोन चमचे साखर. मधल्या सुटीतला पोळीभाजीचा डबा घाईत अर्धाच खाल्लेला. चार वाजता तो घरी येतो तेव्हा त्याला सडकून भूक लागलेली असते. आजी चहाबरोबर खारी देते, मग तो शेवेचा डबा घेऊन टीव्हीसमोर बसतो, पाचला नूडल्स होतात, क्लासला जाताना दहा रुपयांचा वेफर्सचा पुडा हातात येतो. रात्री साडेनऊला आईबाबांबरोबर जेवायला बसतो आणि तिसरी पोळी घेतो. आई म्हणते, “पुरे आता. बघ किती सुटलायस.”

दिवसभरातलं सगळ्यात चांगलं अन्न, म्हणजे पोळी, भाजी, वरण, समोर आलं तेव्हाच त्याला टोकलं गेलं. खारी, शेव आणि वेफर्सच्या वेळी कोणी काही म्हणालं नव्हतं. मुलाच्या मनात बसतं ते एवढंच, की सगळ्यांसमोर जेवलं की बोलणी बसतात आणि एकटं खाल्लं की बसत नाहीत. पुढे गादीखाली चॉकलेटचे कागद सापडायला लागतात ते इथूनच.

टोकल्याने खाणं कमी होत नाही, हे प्रयोगातही दिसलेलं आहे. अमेरिकेत लीअन बर्च आणि जेनिफर फिशर या संशोधकांनी 1999 साली लहान मुलांपुढे जवळपास सारख्याच चवीचे दोन खाऊ ठेवले. एक हवा तेव्हा घ्यायची मुभा होती, दुसरा पारदर्शक बरणीत समोरच, पण थोडाच वेळ उघडायचा. मुलांचं सगळं लक्ष बरणीकडे गेलं. तिच्याबद्दलच बोलणं, तोच खाऊ मागणं सुरू झालं. घरात वरच्या फळीवर ठेवलेला बिस्किटांचा डबा हेच काम करतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली डॉक्टरांना दिलेल्या सल्ल्यातही हेच आहे: मुलांना डाएट करायला लावू नका, घरात वजनाविषयी बोलणं टाळा, एकत्र जेवा. डाएटवर ठेवलेल्या मुलांचं वजन पुढे वाढण्याची आणि त्यांच्या खाण्याला विकृत वळण लागण्याची, दोन्ही शक्यता वाढतात.

मग करायचं काय? एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची एक सोपी वाटणी सांगितली आहे. काय शिजवायचं, किती वाजता वाढायचं आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. वाढलेल्यातलं काय आणि किती खायचं, हे मुलाने ठरवायचं. आपल्याकडे बहुतेक वेळा हे नेमकं उलटं चालतं. कधी, कुठे, काय हे मूल ठरवतं आणि किती यावर मोठे पहारा देतात.

या घरात बदल रात्रीच्या जेवणापासून सुरू करू नये. तो चार वाजल्यापासून करावा, कारण दिवसभराची घसरण तिथे सुरू होते. चार वाजता लागते ती खरी भूक असते आणि तिला खरं अन्न लागतं. मुगाचं धिरडं आणि चटणी, भाज्या-दाणे घातलेले पोहे, सकाळच्या मटकीच्या उसळीवर कांदा-टोमॅटो-लिंबू, पोळीचा कुस्करा, कालच्या वरणात मळलेल्या पिठाचं थालीपीठ आणि दही. आईने रात्री धिरड्याचं पीठ वाटून ठेवलं तर आजीला तव्यावर दोन घालायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ते ताटलीत वाढायचं, टीव्ही बंद ठेवून, आजीनेही शेजारी बसून खायचं. पोट भरेपर्यंत खाऊ द्यायचं. पुढचं खाणं रात्रीचंच, आणि रात्रीचं जेवण साडेनऊवरून आठला आणायचं. आईबाबा तोवर पोचत नसतील तर आजी आणि नातवाने आठला जेवावं. मधे तहान लागली तर पाणी. “भूक लागली” म्हणाला तर उत्तर असं: “आठला जेवायचंय, आज वांग्याचं भरीत आहे.” यात “नाही” हा शब्द येत नाही. पुढचं खाणं नक्की मिळणार आहे हे कळलं, की मिळेल तेव्हा पोटात भरून ठेवायची गरज मुलाला हळूहळू वाटेनाशी होते.

फरसाण, खारी, वेफर्स घरात आणणं कमी करायचं, आणि ते सगळ्यांसाठी. बाबांसाठी शेवेचा वेगळा डबा कपाटात असेल तर या सगळ्याला काही अर्थ उरत नाही. एका मुलासाठी वेगळी भाजी, वेगळं दूध, बिनतुपाची पोळी आणि धाकट्या बहिणीला मात्र तूप-साखर, ही तर शिक्षाच झाली. वरण-भातावरचं चमचाभर तूप तसंच राहू द्या. आधी गोड पेयांकडे बघा. आंब्याच्या पेयाच्या छोट्या खोक्यामागे साखरेचे ग्रॅम छापलेले असतात. त्यांना पाचाने भागलं की चमचे निघतात. ते बरेच भरतात आणि पोटाला कळतही नाहीत. दुधातली साखर आठवड्याला अर्धा चमचा याप्रमाणे, काही न बोलता कमी करत गेलं तर जीभ कुरकुर करत नाही.

गोडाचं काय, असं आजी विचारणारच. गणपतीत मोदक खायचे, वाढदिवसाचा केक खायचा, तेव्हा त्याच्या ताटाकडे रोखून बघायचं नाही. एरवी कधी लाडू केला तर तो जेवणाबरोबरच सगळ्यांच्या पानात एकेक वाढावा. “भाजी संपव, मग लाडू” म्हटलं, की लाडू बक्षीस होतो आणि भाजी शिक्षा.

आता सगळ्यात अवघड जागा. पानात टाकू नये, हा आपल्या घरांतला चांगला संस्कार आहे आणि तो सोडायचं कारण नाही. पण वाढणारी मोठी आणि संपवणारं मूल, अशी त्याची विभागणी झाली की पोट भरल्याची खूण मूल ऐकेनासं होतं. उपाय वाढण्यात आहे. पहिल्यांदा थोडंच वाढायचं, अर्धी पोळी, डावभर भाजी, आणि हवं तितक्या वेळा मागू द्यायचं. मग पानात उरतही नाही. आग्रहाचं आजीशी बोलायचं असेल तर ते मुलाच्या पाठीमागे आणि मानाने बोलावं. सून म्हणू शकते, “आई, तुमच्या हातचं त्याला आवडतंच. फक्त त्याने मागितल्यावर वाढा. ‘अजून एक घे’ही नको आणि ‘पुरे’ही नको.” आजीच्या हातात चार वाजताचा तवा आहे. तिला डावलून या घरात काहीही टिकणार नाही.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुलगा चार-चार पोळ्या खाईल. खरंच कोणी अडवत नाही ना, हे तो तपासत असतो. बरीच घरं इथे घाबरतात आणि पुन्हा टोकायला लागतात. थांबायला हवं. काम होतंय हे ओळखायच्या खुणा काट्यावर दिसत नाहीत. तो एक घास उरला असताना “झालं माझं” म्हणतो, चार वाजता काय आहे ते सकाळीच विचारतो, गादीखालचे कागद थांबतात.

एखाद्या दिवशी तो शाळेतून येऊन विचारेल, “आई, मी जाडा आहे का?” “छे, कोण म्हणतं?” असं उत्तर देऊ नका, कारण त्याला आरसा दिसतो. “म्हणून तर सांगते, कमी खा” हे तर त्याहून वाईट. आधी विचारा, कोण काय म्हणालं. मग सांगा, “माणसांची अंगं वेगवेगळी असतात, तुझं अजून वाढतंय. तुला चिडवणं चूक आहे आणि मी बाईंशी बोलणार आहे.” आणि खरोखर बोला. घरातले ‘जाड्या’, ‘गोलू’ लाडानेसुद्धा बंद करा. आईने आरशापुढे स्वतःच्या पोटाला नावं ठेवणंही मूल ऐकत असतं. त्याला कपडे आजच्या मापाचे घ्या. “बारीक झालास की घेऊ” असं नको.

हालचालीबद्दल थोडंच. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी क्लासची एक वेळ बदलावी लागली तर बदलावी आणि मुलाला खाली सोसायटीत खेळायला सोडावं. लंगडी, सायकल, क्रिकेट, काहीही. वजनासाठी म्हणून पळवू नये. झोपही बघा. या वयाला रात्री नऊ तास तरी लागतात.

वजनाचं काय होतं ते आकड्यांत पाहू. मुलगा 134 सेंटिमीटर उंच आणि 38 किलोचा. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की 21.2 येतात. हा बीएमआय. मोठ्यांचे आकडे मुलांना लावायचे नसतात. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे 2015 चे वाढीचे तक्ते वापरायचे असतात आणि त्यात हा मुलगा जादा वजनाच्या रेषेच्या वर जातो. या वयात उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. वर्षाने तो 140 सेंटिमीटर आणि 39 किलो झाला तर आकडा 19.9 होतो. एक किलोही न घटता रेषा खाली वळते. काही मुलं, घरात सगळं नीट होऊनही, अंगाने भरलेलीच राहतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि तो मुलाचा दोष नाही.

काही गोष्टी मात्र घरावर सोडू नयेत. मानेवर किंवा काखेत काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा दिसली तर ती घासून जाणार नाही. मळ नाही तो. शरीरात इन्सुलिनचं काम बिघडत असल्याची ती खूण असते. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, गुडघा किंवा मांडी दुखून लंगडणं, वजन वाढताना उंची थांबणं, लपून खाणं किंवा खाऊन ओकणं, यांपैकी काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. साधारणतः जादा वजनाची मुलं वयाच्या मानाने उंच असतात. जाड आणि बुटकं मूल असेल तर थायरॉइडसारख्या ग्रंथी तपासाव्या लागतात.

दवाखान्यात जाण्याआधी डॉक्टरांना फोन करा. वजन करताना आकडा मोठ्याने वाचू नका आणि त्याबद्दल बोलायचं ते आमच्याशी एकट्याने बोला, एवढं त्यांना सांगा. ही विनंती करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.