दोन सत्य विधाने आणि त्यांमधील दुवा

शालेय परीक्षांत ‘विधान आणि कारण’ या नावाने एक प्रश्नप्रकार योजला जातो. त्यात दोन वाक्ये दिलेली असतात. पहिल्यास विधान म्हणतात व दुसऱ्यास कारण. उत्तरासाठी चार पर्याय असतात: (अ) दोन्ही वाक्ये सत्य असून दुसरे पहिल्याचे योग्य स्पष्टीकरण आहे, (ब) दोन्ही सत्य आहेत, परंतु दुसरे पहिल्याचे स्पष्टीकरण नव्हे, (क) विधान सत्य, कारण असत्य, (ड) विधान असत्य, कारण सत्य. पुष्कळ विद्यार्थी दोन्ही वाक्ये तपासतात, ती खरी असल्याची खात्री करून घेतात आणि लगेच (अ) हा पर्याय निवडतात. वाक्ये खरी असूनही उत्तर चुकते, आणि आपले कोठे चुकले हे त्यांना उमगत नाही.

याचे मर्म असे की, प्रश्नात दोन वाक्ये दिसत असली तरी तपासावयाच्या गोष्टी तीन असतात. पहिले वाक्य खरे आहे काय, दुसरे खरे आहे काय, आणि दुसरे खरे असल्यामुळेच पहिले खरे ठरते काय? ही तिसरी गोष्ट कागदावर छापलेली नसते. (अ) आणि (ब) या पर्यायांतील भेद मात्र केवळ तिच्यावरच अवलंबून असतो.

जयपूरचे उदाहरण

जयपूर शहराच्या पश्चिमेस वैशाली नगर ही विस्तीर्ण वसाहत आहे. तेथील शाळांतील मुलांना जुन्या शहरातील जंतरमंतर ही वेधशाळा परिचित असते. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये जयपूरची स्थापना केली आणि १७३०च्या दशकात ही वेधशाळा उभारली. तेथील सर्वांत मोठे यंत्र म्हणजे सम्राट यंत्र होय. ते एक प्रचंड छायायंत्र आहे. मध्यभागी त्रिकोणी भिंत असून तिची वरची कड उत्तरेकडे चढत जाते. भिंतीच्या दोन्ही बाजूंस अंशांकित कमानी आहेत. कडेची सावली कमानीवर जेथे पडते, तेथे वेळ वाचता येते.

आता पुढील प्रश्न पाहू.

विधान: जयपूरच्या सम्राट यंत्राची तिरपी कड क्षितिजाशी सुमारे २७ अंशांचा कोन करते.
कारण: या यंत्राची उंची सुमारे २७ मीटर आहे.

दोन्ही वाक्ये सत्य आहेत. दोहोंत २७ हीच संख्या आली आहे, आणि दोन्ही एकाच भिंतीविषयी आहेत. त्यामुळे त्यांत नाते असावे असे मनाला सहज वाटते. तथापि अंश हे कोनाचे माप आहे, मीटर हे लांबीचे. संख्या जुळणे हा येथे निव्वळ योगायोग होय.

हे केवळ सांगून भागणार नाही. त्याची कसोटी घेता आली पाहिजे. कसोटी अशी: कारण म्हणून दिलेली गोष्ट बदलावी, इतर परिस्थिती तशीच ठेवावी, आणि विधानातील गोष्ट बदलते की काय ते पाहावे. वैशाली नगरातील एखाद्या विद्यार्थ्याने जाड पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापला, त्याची उंची २७ सेंटिमीटर व पाया ५३ सेंटिमीटर ठेवला, तर त्याची तिरपी कड पायाशी सुमारे २७ अंशांचाच कोन करील. हा त्रिकोण सपाट गच्चीवर दक्षिणोत्तर उभा केला व त्याचे उंच टोक उत्तरेस ठेवले, तर त्याची कडही सम्राट यंत्राप्रमाणेच उपयोगी पडते. उंची शंभरपटीने घटली. आवश्यक कोन तोच राहिला. जंतरमंतरातच लघु सम्राट यंत्र आहे. ते पुष्कळ लहान असूनही त्याच्या कडेचा कोन तितकाच आहे.

कसोटी उलटही घेता येते. जयसिंहांनी दिल्ली व उज्जैन येथेही सम्राट यंत्रे बांधली. दिल्लीच्या यंत्राची उंची सुमारे २१ मीटर असून त्याच्या कडेचा कोन साडेअठ्ठावीस अंशांच्या किंचित वर आहे. उज्जैनचे यंत्र सुमारे ७ मीटर उंच असून तेथील कोन सुमारे २३ अंश आहे. उंची कोन ठरवीत असती, तर जयपूरहून ठेंगणे असलेले दिल्लीचे यंत्र अधिक तिरपे झाले नसते. कोन ज्याच्याबरोबर बदलतो ती गोष्ट निराळी आहे. ती म्हणजे त्या त्या नगराचे अक्षांश होत.

त्याचे कारण असे आहे. पृथ्वी आपल्या अक्षाभोवती फिरते, म्हणून सूर्य त्या अक्षाभोवती तासास १५ अंश या गतीने फिरत असल्यासारखा भासतो. यंत्राची कड या अक्षास समांतर असेल, तर तिची सावलीही तितक्याच गतीने कडेभोवती फिरते आणि कमानीवरील तासांचे भाग सारखे पाडता येतात. अक्षाची दिशा क्षितिजापासून किती उंच दिसेल, हे स्थळाच्या अक्षांशावर ठरते. जयपूरचे अक्षांश सुमारे २७ असल्याने कडही २७ अंशांनी चढविलेली आहे. तेव्हा ‘कड पृथ्वीच्या अक्षास समांतर असून जयपूरचे अक्षांश सुमारे २७ आहेत’ असे कारण दिले असते, तर पर्याय (अ) बरोबर ठरला असता. दिलेल्या प्रश्नाचे उत्तर (ब) आहे.

तेच कारण, निराळे विधान

याचा अर्थ यंत्राची भव्यता निरर्थक आहे असा नव्हे. पुढील विधान घ्या: ‘सम्राट यंत्रावर वेळ अगदी सूक्ष्मपणे, काही सेकंदांच्या फरकाने, वाचता येते.’ येथे यंत्राचा मोठा आकार हे खरोखरीच कारण आहे. कमानीची त्रिज्या सुमारे १५ मीटर असल्याने सावली तिच्यावरून सेकंदास सुमारे १ मिलिमीटर सरकते. पुठ्ठ्याच्या लहान यंत्रावर, कमानीची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरली, तर सावलीला १ मिलिमीटर सरकण्यास दीड मिनिटाहून अधिक वेळ लागतो. आकार बदलला की सूक्ष्मता बदलते. येथे कसोटी उतरते. मात्र या स्पष्टीकरणालाही मर्यादा आहे. सूर्य बिंदुमात्र नसून त्याचे बिंब सुमारे अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे सावलीची कडा पुसट पडते, आणि यंत्र मोठे केले की हा पुसट पट्टाही त्याच प्रमाणात रुंदावतो.

यावरून दिसून येते की, एखादे वाक्य स्वतःच योग्य किंवा अयोग्य कारण नसते. ते कोणत्या विधानाचे कारण म्हणून पुढे केले आहे, यावर निर्णय अवलंबून असतो.

कधी कधी खरे कारण उलट दिशेस नेते. ‘जयपूरमध्ये जानेवारीपेक्षा जूनमध्ये उष्णता अधिक असते’ हे विधान आणि ‘पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर वर्षभर बदलते’ हे कारण, दोन्ही सत्य आहेत. परंतु पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या आरंभी असते आणि सर्वांत दूर जुलैच्या आरंभी. अंतरावरच सर्व अवलंबून असते, तर जयपूरला जानेवारीतच अधिक ऊन लागले असते. जूनमध्ये पृथ्वीचा कललेला अक्ष उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकवितो. ऊन अधिक उभे पडते आणि दिवस सुमारे पावणेचौदा तासांचा होतो. उष्णतेचे कारण ते आहे.

म्हणून असा प्रश्न सोडविताना दोन्ही वाक्ये खरी ठरल्यावर त्यांच्यामध्ये ‘कारण’ हा शब्द घालून संपूर्ण वाक्य एकदा वाचावे, आणि मग विचारावे: दुसरी गोष्ट तशी नसती, तर पहिली तशी राहिली असती काय? सम्राट यंत्र ७ मीटर उंच असते, तरी जयपुरात त्याची कड २७ अंशांनीच चढली असती.