गृहकर्जात जादा रक्कम भरलीत? बँकेला असे पत्र द्या

गृहकर्जात एकरकमी जादा पैसे भरले, तरी ते मुद्दलातूनच वजा झाले का, हे पाहावे लागते. कधी ती रक्कम आगाऊ हप्ते म्हणून जमा राहते आणि व्याज कमी होत नाही. म्हणून कर्ज खाते क्रमांक घालून पत्रात आकडे आणि तारखा स्पष्ट लिहा. उदाहरणार्थ:

“5 जून 2025 चा हप्ता भरल्यावर मुद्दल बाकी 20,00,000 रुपये होती. व्याजदर 8.4 टक्के, हप्ता 19,578 रुपये, उरलेले हप्ते 180. त्याच दिवशी मी 3,00,000 रुपये भरले. पावती सोबत आहे. कृपया 5 जूनपासून बाकी 17,00,000 रुपये धरून, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी आणि परतफेडीचे नवे वेळापत्रक द्यावे.”

व्याजदर तोच राहिला, तर हे कर्ज 135 हप्त्यांत फिटते; 45 हप्ते वाचतात. मुदत तीच ठेवली, तर हप्ता सुमारे 16,641 रुपये होतो, पण एकूण व्याज जास्त जाते. म्हणून काय हवे ते पत्रातच सांगा.

नवे वेळापत्रक आले की जुलैच्या हप्त्यातले व्याज बघा. ते 14,000 ऐवजी सुमारे 11,900 रुपये दिसायला हवे. तसे नसेल, तर पावती जोडून पुन्हा लेखी विचारा.