थकबाकी भरली, तरी यादीत नाव कसं? TEXTJOIN वापरताना नेमकं काय चुकतं

महिन्याची दहा तारीख उलटली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येतो. 'खालील फ्लॅटधारकांची मेंटेनन्सची रक्कम बाकी आहे' आणि पुढे स्वल्पविराम देऊन फ्लॅट नंबर. बहुतेक ठिकाणी खजिनदार हे नंबर शीटमध्ये एकेक बघून हाताने टाइप करतात. त्यात एखादा नंबर सुटतो, एखादा चुकून पडतो आणि मग ग्रुपवर जे व्हायचं ते होतं.

हे टाइपिंग टाळण्यासाठी एक्सेल आणि गुगल शीट्समध्ये TEXTJOIN नावाचं फंक्शन आहे. अनेक सेलमधला मजकूर ते एका ओळीत जोडतं, मध्ये हवं ते चिन्ह टाकतं आणि रिकामे सेल गाळतं. मात्र 'रिकामा' म्हणजे काय, याची त्याची कल्पना आपल्यापेक्षा वेगळी आहे, आणि घोळ होतो तो इथेच.

आधी साधं उदाहरण

समजा, शीटमध्ये A कॉलमला फ्लॅट नंबर आहेत आणि B कॉलमला बाकी रक्कम. सोयीसाठी सहाच फ्लॅट घेऊ. १०१ ची बाकी २५०० रुपये, १०२ चा सेल रिकामा, १०३ समोर शून्य, १०४ ची ५०००, २०१ रिकामा आणि २०२ ची १२०० रुपये. पहिल्या ओळीत शीर्षकं असल्यामुळे माहिती दुसऱ्या ओळीपासून सातव्या ओळीपर्यंत आहे. कोणत्याही मोकळ्या सेलमध्ये हे लिहायचं:

```
=TEXTJOIN(", ",TRUE,IF(B2:B7>0,A2:A7,""))
```

कंसात तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे दोन नंबरांच्या मध्ये काय हवं ते, इथे स्वल्पविराम आणि एक स्पेस. दुसरी TRUE, म्हणजे रिकामं असेल ते सोडून दे. तिसरी म्हणजे काय जोडायचं. इथे आतलं IF प्रत्येक फ्लॅटची बाकी तपासतं. बाकी शून्यापेक्षा जास्त असेल तर फ्लॅट नंबर पुढे देतं, नाहीतर दोन अवतरण चिन्हं, म्हणजे काहीच नाही. उत्तर येतं:

```
101, 104, 202
```

TRUE च्या जागी FALSE लिहिलं तर काय होतं, हे एकदा करून बघण्यासारखं आहे:

```
101, , , 104, , 202
```

बाकी नसलेल्या फ्लॅटची जागा तशीच राहते आणि स्वल्पविराम ओळीने उभे राहतात. जुन्या CONCATENATE ने किंवा & चिन्हाने सेल जोडणाऱ्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा असेल.

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२१ असेल तर हा फॉर्म्युला लिहून नुसतं एंटर दाबलं की झालं. एक्सेल २०१९ मध्ये मात्र कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबावं लागतं, कारण IF एकाच वेळी सहा सेल तपासत असतं. गुगल शीट्समध्येही हेच तीन बटण दाबायचे. तिथे फॉर्म्युल्याभोवती ARRAYFORMULA आपोआप लागतं. एक्सेल २०१६ मध्ये एकदाच विकत घेतलेल्या आवृत्तीत हे फंक्शनच नाही. तिथे #NAME? असं दिसतं.

पैसे भरले, तरी नंबर यादीत

आता खरी गंमत. २०२ च्या सदस्याने १२०० रुपये भरले. खजिनदारांनी रक्कम पुसली आणि तिथे 'भरले' असं लिहिलं. कागदाच्या वहीत कुणीही असंच करेल. पण फॉर्म्युल्याचं उत्तर अजूनही तेच आहे, 101, 104, 202.

कारण असं की तुलना करताना एक्सेल कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा मानतं. त्यामुळे 'भरले' हा शब्द शून्यापेक्षा मोठा ठरतो, IF ला वाटतं बाकी आहे आणि TEXTJOIN ते मुकाट्याने जोडतं. एरर येत नाही, सेल लाल होत नाही. पैसे भरलेल्या माणसाचा नंबर शंभर जणांच्या ग्रुपवर थकबाकीदार म्हणून जातो.

याहून चकवणारा प्रकार म्हणजे रिकामा दिसणारा सेल. अनेकांना सेलमधली रक्कम घालवताना डिलीट ऐवजी स्पेसबार दाबायची सवय असते. सेल कोरा दिसतो, पण आत एक स्पेस असते. स्पेस हाही मजकूरच, म्हणून तीही शून्यापेक्षा मोठी. १०२ च्या सेलमध्ये अशी स्पेस असेल तर ज्याने कधी थकवलंच नाही त्याचाही नंबर यादीत येतो. संशय आला तर =LEN(B2) सारखं लिहून बघावं. खरोखर रिकाम्या सेलला उत्तर 0 येतं, स्पेस असेल तर 1.

उपाय सोपा आहे. बाकी मोठी आहे का हे विचारण्याबरोबरच तो आकडा आहे का, हेही विचारायचं:

```
=TEXTJOIN(", ",TRUE,IF(ISNUMBER(B2:B7)*(B2:B7>0),A2:A7,""))
```

इथे गुणाकाराचं चिन्ह 'आणि' सारखं काम करतं. दोन्ही अटी खऱ्या असतील तरच फ्लॅट नंबर पुढे जातो. 'भरले' आणि स्पेस दोन्ही गळतात. उत्तर येतं 101, 104.

मग उलटी चूक?

तीही होऊ शकते. कुणी रक्कम '5000/-' अशी लिहिली, तर ती एक्सेलच्या दृष्टीने आकडा नाही, मजकूर आहे. नव्या फॉर्म्युल्यात असा फ्लॅट यादीतून गायब होतो आणि खरा थकबाकीदार सुटतो. म्हणून यादी ग्रुपवर टाकण्याआधी बाजूच्या सेलमध्ये हे एकदा बघावं:

```
=COUNTA(B2:B7)-COUNT(B2:B7)
```

COUNTA काहीही लिहिलेले सगळे सेल मोजतं, COUNT फक्त आकडे. वजाबाकी शून्य आली तर कॉलममध्ये आकड्यांशिवाय काही नाही. दोन आली, तर दोन सेलमध्ये शब्द, स्पेस किंवा '/-' आहे आणि ते डोळ्यांनी शोधायला हवेत. 'भरले' लिहायचंच असेल तर त्यासाठी शेरा म्हणून वेगळा C कॉलम ठेवणं बरं.

रक्कमही हवी असेल तर

काही सोसायट्यांना प्रत्येक फ्लॅट वेगळ्या ओळीत आणि पुढे रक्कम अशी यादी लागते. त्यासाठी स्वल्पविरामाऐवजी CHAR(10) म्हणजे नवी ओळ द्यायची आणि फ्लॅट नंबरला रक्कम जोडायची:

```
=TEXTJOIN(CHAR(10),TRUE,IF(ISNUMBER(B2:B7)*(B2:B7>0),A2:A7&" : "&B2:B7,""))
```

एक्सेलमध्ये त्या सेलला रॅप टेक्स्ट लावलं नाही तर सगळं एकाच ओळीत चिकटलेलं दिसतं, पण ओळी आत असतात. असा सेल कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट केला की सुरुवातीला आणि शेवटी अवतरण चिन्ह येतं. ते हाताने पुसावं लागतं.

फाइल दुसऱ्याला पाठवतानाही थोडं सांभाळावं लागतं. सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर जुनं एक्सेल असेल तर उघडल्यावर आधीचं उत्तर नीट दिसतं, फॉर्म्युल्यात फक्त _xlfn.TEXTJOIN असं नाव दिसतं. पण त्यांनी एखादी रक्कम बदलली आणि उत्तर पुन्हा काढलं गेलं, की तिथे #NAME? येतं. अशा वेळी फाइल पाठवण्याआधी उत्तराचा सेल कॉपी करून त्याच जागी 'पेस्ट व्हॅल्यूज' करावं. मग तिथे फॉर्म्युला उरत नाही, नुसता मजकूर राहतो. पुढच्या महिन्यासाठी फॉर्म्युला असलेली मूळ फाइल मात्र आपल्याकडे ठेवायची.